तीन डब्यांचं टेन्शन

मराठी विभागासाठी लेख लिही, असं आमच्या संपादिकाबाईंनी फर्मावलं तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं, की ही माझ्याशीच बोलतेय ना! कारण मी पडले कॉन्व्हेंटची. शाळेच्या आवारात मराठी बोललं की दंड भरायला लागायचा, आणि घरी मराठी असलं तरी ते 'जेवलीस का' आणि 'चार्जर कुठे आहे' एवढ्यापुरतं. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका दिसतील त्या पोटात घाला. पण ही गोष्ट मला मराठीतच सांगायला हवी, कारण ती मला कळली मराठीत.

आपल्या लेडीज हॉस्टेलच्या मेसमधल्या मावशींना तुम्ही सगळ्या ओळखता. त्यांची धाकटी यंदा अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, दहावीला उत्तम मार्क, आणि अकरावीत एकदम सगळं इंग्रजीत. रात्री मावशी भांडी आवरेपर्यंत ती मेसच्या कोपऱ्यातल्या टेबलावर पुस्तक उघडून बसायची. एके रात्री मी उशिरा जेवायला गेले, तर मावशी म्हणाल्या, "ताई, हिला जरा बघता का? फिजिक्सला पंचवीसात चार पडलेत. आर्ट्सला जाते म्हणतेय. अर्जसुद्धा आणलाय."

आता मी पडले मेकॅनिकलची थर्ड इयरची. अकरावीचं फिजिक्स म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ, अशा थाटात मी खुर्ची ओढली. गणित होतं ते सगळ्यांनी कधी ना कधी केलेलं. एक इंजिन १२० टनांचं. त्याला जोडलेले तीन डबे, प्रत्येकी ४० टनांचे. रूळ सपाट, घर्षण नाही. गाडी ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग या अॅक्सलरेशनने निघते. तर प्रत्येक कपलिंगमधलं टेन्शन काढा.

मी सुरू केलं. "सी, फर्स्ट वी ड्रॉ द फ्री बॉडी डायग्राम..."

धाकटीने मान हलवली. मग मी पुढे बोलले, तिने परत मान हलवली. ती मान मला ओळखीची वाटली. एफ.ई.ला मेकॅनिक्सच्या लेक्चरला मी अख्खं सेमिस्टर अशीच मान हलवत होते.

"कळतंय ना?" मी विचारलं.

"ताई, टेन्शन म्हणजे काय?"

"टेन्शन म्हणजे... टेन्शन."

तिच्या आईने मागून हसून म्हटलं, "टेन्शन म्हणजे काय ते मी सांगते की!" मीही हसले, पण घाम फुटला होता. अॅक्सलरेशनला मराठीत काय म्हणतात तेही मला येत नव्हतं. शेवटी तिनेच सांगितलं, त्वरण. (मला वाटलं एखाद्या काढ्याचं नाव असेल.) मास म्हणजे वस्तुमान, फोर्स म्हणजे बल, आणि टेन्शन म्हणजे ताण. तिला ते सगळं येत होतं. तिला फक्त हे ठाऊक नव्हतं की पुस्तकात त्याच गोष्टींबद्दल चाललंय.

मग तिने स्वतःच आकडेमोड केली. एकूण वस्तुमान १२० अधिक १२०, म्हणजे २४० टन. गुणिले ०.२. बल आलं ४८ किलोन्यूटन. आणि तिने विचारलं, "म्हणजे इंजिन ४८ ने ओढतंय. मग पहिल्या कपलिंगमध्ये ४८ च असणार ना? पाठीमागे उत्तरात २४ दिलंय. पुस्तक चुकलंय का?"

इथे मला एक कबुलीजबाब द्यायचा आहे. एफ.ई.ला माझी मेकॅनिक्सची के.टी. लागली होती, हे फार जणींना माहीत नाही. त्या पेपरात असंच एक गणित होतं आणि मी हेच लिहिलं होतं, पहिल्या कपलिंगमधला ताण बरोबर इंजिनाचं बल. के.टी. सुटली ती फॉर्म्युले घोकून. ४८ चं २४ का होतं ते मी कधी कुणाला विचारलंच नाही. विचारलं तर मला येत नाही हे कळलं असतं ना!

"उद्या सांगते," मी म्हटलं आणि ताट न धुता पळाले.

रात्री रूमवर कागदावर सोडवलं तर उत्तर झटकन आलं. पण धाकटीला मराठीत काय सांगायचं, म्हणून मनातल्या मनात बोलून बघायला लागले तर तिसऱ्याच वाक्याला अडकले. इंग्रजीत मी 'बिकॉज' म्हणून पुढे दामटून जात होते. मराठीत 'कारण' म्हटलं की पुढे खरंच कारण द्यावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मेसमधून तीन सारखे स्टीलचे डबे मागून घेतले. प्रत्येकात सारखाच तांदूळ भरला. रबरबँडनी ते एकामागे एक जोडले, कड्यांना बांधून, आणि पहिल्याच्या पुढे चौथा रबरबँड न लावता तिसराच लावला, म्हणजे तीन डबे आणि तीन रबरबँड, गाडीला असतात तसेच. इंजिन म्हणजे धाकटीचा हात.

"हळूहळू, सारख्या वेगाने ओढ. आणि रबरांकडे बघ."

गुळगुळीत फरशीवरून डबे निघाले. हाताजवळचा रबरबँड भरपूर ताणलेला, मधला त्याहून कमी, शेवटचा जेमतेम. मापं घ्यायची गरज नव्हती, डोळ्यांना दिसत होतं.

"कमी होत जातंय," ती म्हणाली. "म्हणजे ओढ वाटेत झिरपून जाते का? पाइपातलं पाणी गळतं तशी?"

हा प्रश्न फार चांगला होता, कारण माझ्याही डोक्यात आतापर्यंत असंच काहीतरी होतं. मी तिला म्हटलं, "इंजिनाकडून सुरू करूच नको. मागून सुरू कर. शेवटचा डबा सोडून बाकी सगळी गाडी हाताने झाक."

तिने वहीतल्या चित्रावर तळहात ठेवला. उरला एक डबा आणि हाताखालून बाहेर आलेलं एक कपलिंग.

"या डब्याला पुढे कोण ओढतंय?"

"हे कपलिंग. दुसरं कुणीच नाही."

"आणि त्याला इंजिनाबद्दल काही माहीत आहे का?"

"नाही."

"मग ४० टनांना ०.२ त्वरण द्यायला किती बल?"

४०,००० किलो गुणिले ०.२, म्हणजे ८,००० न्यूटन, ८ किलोन्यूटन. शेवटच्या कपलिंगमधला ताण हा एवढाच. मग हात थोडा पुढे सरकवला. आता दोन डबे उघडे. ८० टन, म्हणून मधल्या कपलिंगमध्ये १६. आणखी सरकवला, तीन डबे, १२० टन, म्हणून पहिल्या कपलिंगमध्ये २४. फ्री बॉडी डायग्राम म्हणजे हा झाकलेला हात, दुसरं काही नाही. हे मला दोन वर्षांनी मेसच्या टेबलावर कळलं.

"म्हणजे झिरपत नाही," ती सावकाश म्हणाली. "प्रत्येक कपलिंगच्या मागे ओझंच कमी कमी उरतं."

मधला डबा घेऊन आम्ही हे पडताळून पाहिलं. त्याला पुढचं कपलिंग १६ ने पुढे ओढतं आणि मागचं कपलिंग ८ ने मागे ओढतं. उरतं ८, आणि ४० टनांना ०.२ त्वरण द्यायला तेवढंच लागतं. कुठे काही सांडलं नाही. दोन कपलिंगमधल्या ताणांत जो फरक आहे, त्याच फरकाने मधला डबा वेग घेतो. लिहायचं तर T1 − T2 = ma, एवढंच. ताण जर सगळीकडे सारखा असता, तर मधल्या डब्याला जेवढी पुढे ओढ तेवढीच मागे, आणि त्याने वेग घेतलाच नसता.

"पण पुस्तकात तर लिहिलंय की दोरीत ताण सगळीकडे सारखा!"

"त्याच्या आधीचा शब्द वाच."

तिने अडखळत वाचलं, मासलेस. बिनवस्तुमानाची. दोरीला वस्तुमानच नसेल तर तिला स्वतःला पुढे न्यायला काही लागत नाही, म्हणून ताण बदलत नाही. आमच्या डब्यांना ४० टन आहेत, म्हणून बदलतो.

आता राहिलं ते ४८. मी तिला आता अख्खी गाडी उघडी ठेवून इंजिनाकडे बघायला सांगितलं. चाकं रुळावर जोर लावतात आणि रूळ इंजिनाला ४८ ने पुढे ढकलतात. पण इंजिन स्वतः १२० टनांचं आहे आणि त्यालाही तेच त्वरण घ्यायचंय. त्याचे २४ तिथेच लागतात. उरलेले २४ पहिल्या कपलिंगमध्ये. मी पेपरात इंजिनाला वजनच नाही असं धरलं होतं! माझी के.टी. त्या १२० टनांखाली सापडली होती.

धाकटी मात्र सुटायला तयार नव्हती. तिने परत डबे ओढले. "ताई, पण मी सारख्या वेगाने ओढतेय. त्वरण शून्य. मग रबर ताणलेत कशाला?"

मी क्षणभर गप्प. मग लक्षात आलं. गणितात घर्षण नाही, फरशीला आहे. प्रत्येक डब्याला फरशी मागे धरून ठेवते, आणि कपलिंगला मागच्या सगळ्या डब्यांची ती धरपकड सोडवायची असते. डबे सारखे असल्यामुळे इथेही तीनास दोनास एक हेच प्रमाण येतं, कारण मात्र वेगळं. खऱ्या गाडीत दोन्ही असतं. समजा प्रत्येक डब्याला १ किलोन्यूटन विरोध आहे, तर ताण २७, १८ आणि ९ होतील. आणि गाडीने वेग घेऊन झाला, आता ती एकाच वेगाने चालली आहे, तर उरतील ३, २ आणि १. घर्षण नसलेल्या पुस्तकातल्या गाडीत मात्र तिन्ही शून्य. तिथे इंजिन सुटून गेलं तरी डब्यांना पत्ता लागणार नाही.

मग आम्ही तांदूळ इकडचा तिकडे केला. डबे ६०, ४० आणि २० टनांचे समजू. जड डबा सगळ्यात मागे लावला तर शेवटच्या कपलिंगमध्ये १२ आणि मधल्यात २०. जड डबा सगळ्यात पुढे लावला तर शेवटच्यात ४ आणि मधल्यात १२. पहिल्यात मात्र दोन्ही वेळा २४ च, कारण त्याच्या मागे एकूण १२० टन आहेत, मग ते कोणत्या क्रमाने का असेनात. हे तिने मी सांगायच्या आधी सांगितलं.

एवढ्यात मावशींचे सासरे बॅटरी घेऊन दोघींना न्यायला आले. आबा रेल्वेत पॉइंट्समन होते, डबे जोडायचं-सोडायचंच काम. टेबलावरची रबरांची गाडी बघून ते एकदम खूश. म्हणाले, "पोरी, दोन बफरांच्या मधी वाकून आत शिरायचं, कपलिंग उचलून हुकात टाकायचं अन् पेच फिरवून आवळायचं. जन्म गेला त्यात."

धाकटीने त्यांना विचारलं, "आबा, शेवटच्या कपलिंगला एवढा कमी ताण, तर ते बारीक का नाही करत?"

आबा हसले. "अगं, गाडी टोकाला पोचली की इंजिन काढून दुसऱ्या बाजूला लावत्यात. शेवटचा डबा हुतो पहिला. मग बारीक कपलिंगचं काय करशील?" तेव्हा सगळी कपलिंगं पहिल्यासारखीच दणकट लागतात. हे आमच्या गणितात कुठेच नव्हतं.

मग आबांनीच आमच्या गणिताची एक चूक काढली. "तुमचे सगळे डबे एकदम हलत्यात. मालगाडी सुटताना ऐकलीस का कधी? इंजिनापासून खडखड आवाज मागं मागं पळत जातो." खरंच की! मालगाडीच्या कपलिंगमध्ये थोडा ढिलेपणा असतो, म्हणून एकेक डबा पाळीपाळीने ओढला जातो. पुढचा डबा चालू लागलेला आणि मागचा अजून उभा, असा तो क्षण असतो. तेव्हा जो हिसका बसतो तो आमच्या ८, १६, २४ मध्ये बसत नाही. आमचा हिशेब खरा कधी? सगळे डबे ताणून एकत्र, एकाच त्वरणाने चालू लागले की मग. म्हणून चांगला ड्रायव्हर आधी हलकेच ओढून ढिलेपणा काढून घेतो आणि नंतर जोर लावतो, असं आबा म्हणाले.

निघता निघता धाकटी दारात थांबली. "ताई, आम्ही पुण्याला गेलो तेव्हा कर्जतला मागून पण इंजिन लावलं होतं. मग ताणाचं काय?"

कर्जत ते लोणावळा घाटात चढ आहे ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर चाललं की १ मीटर वर. ४० टनांचा डबा तिथे नुसता धरून ठेवायचा तरी साधारण साडेदहा किलोन्यूटन लागतात, आमच्या सपाटीवरच्या ८ पेक्षा जास्त. म्हणून मागून बँकर लावतात. पण घाट सोडून आम्ही आमच्या सपाट रुळावरच हिशेब केला. डब्यांना एकूण २४ हवेत. समजा पुढचं इंजिन १२ ने ओढतंय आणि मागचं १२ ने ढकलतंय. पहिल्या डब्याला पुढून १२, स्वतःला लागतात ८, म्हणून मधल्या कपलिंगमध्ये ४. दुसऱ्या डब्याला पुढून मिळाले ४, पण लागतात ८. तर शेवटच्या कपलिंगमध्ये आले उणे ४.

"उणे ताण?" धाकटीने माझ्याकडे पाहिलं, मी आबांकडे.

आबांनी दोन मुठी समोरासमोर आणून एकमेकींवर दाबल्या. "बफर दाबतंय. कपलिंग ढिलं पडलं."

त्या रात्री मला पहिल्यांदा उण्याच्या चिन्हाचा आवाज ऐकू आला. साखळी ढकलू शकत नाही. उत्तर उणे आलं याचा अर्थ तिथे ओढ नाही, दाब आहे, आणि तो दाब घ्यायला डब्याच्या टोकाला बफर बसवलेले आहेत. (नव्या लाल डब्यांत मध्यभागी एकच कपलर असतो, तो ओढही घेतो आणि दाबही.) परीक्षेत उणे उत्तर आलं की मी घाबरून मागच्या स्टेपमधलं चिन्ह बदलून टाकायचे, हेही इथेच सांगून टाकते.

हे सगळं आम्ही ज्या कागदावर सोडवत होतो तो धाकटीने दप्तरातून घाईत काढलेला होता. मावशींनी तो उचलून पालथा केला. वर मायन्यासकट शाखा बदलाचा अर्ज होता, आणि पाठीमागे इंजिन, तीन डबे, खाडाखोड, नि मधोमध आमटीचा एक थेंब.

"आता हा घेतील का गं कॉलेजात?" मावशींनी विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली. "दुसरा आणायला लागेल." आणि तिने तो घडी घालून फिजिक्सच्या पुस्तकात ठेवला.

दुसरा अर्ज अजून आणलेला नाही. परवाच्या चाचणीत तिला पंचवीसात तेरा पडले. फार नाहीत, पण ताणाचं गणित पूर्ण बरोबर होतं, आणि आकृतीत इंजिनाच्या जागी तिने एक तळहात काढला होता. बाईंनी त्याला लाल पेनने प्रश्नचिन्ह टाकलंय. तिला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मला वाटतं, आता मीही सांगू शकेन.

माझं म्हणाल तर दिवाळीत घरून परत येताना गाडी कर्जतला थांबली. सगळे वडापावसाठी खाली उतरले. मी मात्र फलाटावरून चालत पार मागे गेले आणि बँकर लागताना बघत उभी राहिले. गाडी हलली तशी धावत येऊन डब्यात चढले. वडापाव राहिला तो राहिलाच.